मावशीच्या रेकॉर्डिंगवरून वालाच्या बिरड्याची कृती लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या अलिबागच्या मावशीनं ओट्यापाशी उभं राहून वालाचं बिरडं शिकवलं, तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. त्यावरून मी लेखी कृती तयार केली. आपल्या घरच्या रेकॉर्डिंगचंही असंच करू पाहणाऱ्यांनी जे प्रश्न वेळोवेळी विचारले, त्यांची उत्तरं इथे देते आहे. उदाहरण सगळीकडे बिरड्याचंच घेतलं आहे. या पदार्थात अंदाजाच्या सगळ्या अडचणी एकत्र भेटतात: दोन दिवसांची पूर्वतयारी, हाताची मापं आणि डोळ्यांनी ठरवायचं शिजणं.

सुरुवात कुठून करायची? ऐकता ऐकता थेट कृतीच लिहायला घेतली तर?

तसं करू नका. कृती लिहायला बसलं की आपण नकळत तिची वाक्यं नीटनेटकी करतो आणि नेमकी माहिती गाळतो. आधी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवा आणि प्रत्येक वाक्यासमोर मिनिट-सेकंद लिहा. माझ्या वहीतला एक तुकडा असा आहे:

०:४० – "तेल घाल. अजून. अजून थोडं. हं, बास."
२:०५ – (मोहरी तडतडते)
२:३५ – "आता डाळिंब्या. हळू गं, मोडतील." (चर्र आवाज)
४:५० – (पाणी ओतल्याचा आवाज) "बुडतील न बुडतील इतकंच."
५:१० – (ताटली ठेवल्याचा आवाज) "ताटलीत पाणी ठेव."
१२:२० – (ताटली उचलली) "अजून दाबली जात नाहीये. ठेव परत."
१७:४० – "हं, बोटचेपी झाली बघ. आता मीठ, गूळ, आमसुलं."
२२:३० – (गॅस बंद)

कंसातले आवाज बोललेल्या शब्दांइतकेच महत्त्वाचे आहेत. शिकवणारी बाई वेळ कधीच सांगत नाही, पण फोन सगळा वेळ मोजत असतो. मावशी "शिजू दे" एवढंच म्हणाली. वहीत मात्र ताटली ठेवल्यापासून डाळिंबी बोटचेपी होईपर्यंत साडेबारा मिनिटं गेलेली दिसतात, आणि आमसुलं घातल्यावर आणखी पाच. कानाला हेडफोन लावून, वेग थोडा कमी करून ऐकलं की पळीचा, ताटलीचा, गॅसच्या बटणाचा असे आवाज वेगळे काढता येतात.

रेकॉर्डिंगमधली वेळ म्हणजे खरी वेळ, असं धरायचं का?

दोन गोष्टी तपासून घ्या. मध्येच फोन आला तर काही फोनांवर रेकॉर्डिंग थांबतं आणि नंतर पुढे सुरू होतं. ऐकताना हा खंड जाणवतोच असं नाही. पण रस्सा रटरटत असताना आवाज एकदम बदलला, किंवा मावशीचं वाक्य अर्धवट तुटून दुसराच विषय सुरू झाला, तर शंका घ्यावी. ज्या फोनवर रेकॉर्डिंग केलं त्यातली मूळ फाइल मिळाली, तर ती सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ पाहा. या दोन वेळांमधलं अंतर फाइलच्या लांबीपेक्षा बरंच जास्त असेल, तर मध्ये काहीतरी गळलं आहे. व्हॉट्सॅपवरून आलेल्या प्रतीत या वेळा बदललेल्या असतात, म्हणून तिच्यावरून हे ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शिकवताना हात मंदावतो. मावशी बोलत होती, मला दाखवत होती, तेवढा वेळ ताटली उघडी राहिली. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये १२:२० ते १३:०५ झाकण नव्हतं, वाफ गेली आणि शिजणं लांबलं. म्हणून साडेबारा मिनिटं असं न लिहिता "११ ते १४ मिनिटं" असा पल्ला लिहिला, आणि त्याच ओळीत "डाळिंबी बोटांत दाबली की चेपली पाहिजे, पण सालपटासारखी फुटता कामा नये" ही तिची खूण लिहिली. आकडा आणि खूण यांत तफावत पडली, तर खूणच खरी मानायची.

माझ्या गॅसवर तेवढाच वेळ लागेल का?

लागेलच असं नाही. तिचा "मध्यम" गॅस म्हणजे आपल्या शेगडीवर नेमका किती, हे शोधायची सोपी रीत आहे. तिच्याकडे असताना तिच्याच कढईत, तिच्याच मध्यम आचेवर, एक लिटर पाणी उकळायला किती वेळ लागतो ते पाहून ठेवा. घरी येऊन आपल्या शेगडीवर तितक्याच वेळात तेवढं पाणी उकळेल अशी आच शोधा. कढई जाड बुडाची असेल आणि आपली पातळ, तर हा हिशोब थोडा फसतो. पातळ भांड्यात मसाला लवकर लागतो, त्यामुळे फोडणीपुरती तरी आच कमी ठेवावी.

"एक वाटी", "मूठभर", "चिमूटभर" यांचं ग्रॅममध्ये काय करायचं?

इंटरनेटवर वाटी-ग्रॅमचे तक्ते मिळतात, पण ते तुमच्या मावशीच्या वाटीचे नसतात. तिचीच वाटी घ्या, काठोकाठ पाणी भरा आणि पाण्याचं वजन करा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, म्हणून वाटीचं माप लगेच कळतं. मावशीची वाटी १८० मिलिलिटरची निघाली. बाजारातला मापाचा कप साधारण २४० चा असतो, त्यामुळे "वाटी म्हणजे कप" धरलं असतं तर सगळं प्रमाण तिसऱ्या हिश्शानं फुगलं असतं.

मग वाटी सपाट की शिगोशीग, हा प्रश्न येतो. तिच्या वाटीत वाल सपाट भरले तर १४५ ग्रॅम बसतात आणि शीग लावून भरले तर १७०. रेकॉर्डिंगमध्ये हे कळत नव्हतं, म्हणून तिला पुन्हा एकदा, नेहमीसारखी वाटी भरायला सांगितली. तिनं शीग लावली. जी गोष्ट हात ठरवतो, ती हातालाच विचारावी. "सपाट भरतेस की शीग?" असं तोंडी विचारलं असतं तर "असंच, बेतानं" हे उत्तर मिळालं असतं.

चिमटीसाठी घरातला साधा वजनकाटा कामाचा नाही, तो एक ग्रॅमच्या खाली धड दाखवत नाही. तिच्याकडून दहा चिमटी एका बशीत टाकून घ्या, सगळ्याचं वजन करा आणि दहानं भागा. हिंगाच्या दहा चिमटी मिळून दोन ग्रॅम भरल्या, म्हणजे एक चिमूट पाव ग्रॅमपेक्षाही कमी. मीठ ती चिमटीनं नाही, चार बोटांत उचलून घालते. तेही बशीत घालायला सांगितलं आणि मोजलं. गूळ "सुपारीएवढा" म्हणाली, तर तेवढा खडा तिच्याकडूनच फोडून घेतला. तो १२ ग्रॅम भरला.

मसाल्याच्या डब्यातला चमचा बहुतेक घरांत चहाच्या चमच्यापेक्षा लहान असतो. मावशी "दोन चमचे तिखट" म्हणते ते या चमच्यानं. मोजून पाहिलं तर दोन चमचे मिळून चहाचा एक चमचा भर होतो. हे न तपासता दोन चहाचे चमचे घातले, तर बिरडं तोंडात घालवणार नाही.

मावशी लांब आहे किंवा आता हयात नाही. मग मोजायचं कसं?

तिची वाटी, पळी, मसाल्याचा डबा घरात कुणाकडे असेल तर आधी तो मिळवा. भांडी मिळाली की निम्मं काम होतं. तेही नसेल तर उलटा हिशोब करा, म्हणजे तयार पदार्थावरून मागे जा. "चार माणसांना पुरतं" एवढं वाक्य रेकॉर्डिंगमध्ये असेल, तर माणशी साधारण दीडशे ग्रॅम उसळ धरून सुमारे ६०० ग्रॅम तयार बिरडं होतं. मोड आणून सोललेल्या डाळिंब्या, पाणी, तेल आणि नारळ मिळून इतकं भरायचं असेल, तर डाळिंब्या ३०० ग्रॅमच्या आसपास हव्यात. त्यासाठी कोरडे वाल १६५-१७५ ग्रॅम लागतात, कारण भिजून, मोड येऊन आणि साल काढून वजन पावणेदोन पटीच्या आसपास जातं. हे १७० ग्रॅम मावशीच्या शिगोशीग वाटीशी जुळले, तेव्हा मला प्रमाणाची खात्री वाटली.

मिठासाठीही असाच अंदाज चालतो. घरगुती भाजी-उसळीत तयार पदार्थाच्या साधारण एक टक्का मीठ असतं. ६०० ग्रॅम बिरड्याला सहा ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. तिनं हातानं घातलेलं मीठ सात ग्रॅम भरलं होतं. कुणाच्या टिपणात "तीन चमचे मीठ" असं आलं, तर ऐकण्यात किंवा चमच्याच्या मापात चूक आहे हे या हिशोबावरून कळतं.

रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा डाळिंब्या सोलून तयार होत्या. मागची कृती कुठून आणायची?

बिरड्यातली सगळ्यात मोठी गळती इथेच होते. शिकवणाऱ्या बाईच्या दृष्टीनं वाल भिजवणं हे स्वयंपाकात धरलेलं नसतं, म्हणून ते ती शिकवत नाही. पण ते तिच्या बोलण्यात कुठेतरी असतं, फक्त पदार्थाच्या ओघात नाही. मावशीनं अगदी शेवटी, आते-मामांच्या गप्पा चालू असताना सांगितलं: "मंगळवारी रात्रीच भिजत घातले होते, बुधवारी फडक्यात बांधले, आज सकाळी बसून सोलले." एवढ्यावरून पूर्ण वेळापत्रक मिळालं: रात्रभर, साधारण दहा तास भिजवणं, मग चोवीस तास फडक्यात बांधून ठेवणं. म्हणून रेकॉर्डिंग गप्पांसकट शेवटपर्यंत ऐकावं आणि गप्पा उतरवूनही घ्याव्यात.

फाइलची तारीखही पाहा. आमचं रेकॉर्डिंग मे महिन्यातलं, समुद्राकाठच्या दमट हवेतलं. तिथे चोवीस तासांत पुरेसे मोड येतात. पुण्यात डिसेंबरमध्ये त्यासाठी दीड दिवस लागू शकतो. म्हणून कृतीत तासांबरोबर "मोड डाळिंबीच्या निम्म्या लांबीचे झाले की पुरे" अशी खूण लिहिली. उलटी चूक मे महिन्यात होते. फार वेळ ठेवले की वाल बुळबुळीत होतात आणि आंबूस वास येतो. तसे झाले तर धुऊन वापरायचा मोह टाळावा आणि ते टाकून द्यावेत.

सोलण्याची रीत मी तिला वेगळी विचारली. मोड आलेले वाल कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवले की साल सुटं होतं. चिमटीत धरून मागून दाबलं की डाळिंबी पुढे निसटते. एकट्यानं ३०० ग्रॅम सोलायला अर्धा-पाऊण तास धरा. हा वेळ कृतीत न लिहिल्यामुळे अनेक जण बाराच्या जेवणाला साडेअकराला सुरुवात करतात.

"वाल" म्हणजे नेमके कोणते?

मावशी फक्त "वाल" म्हणते, कारण तिच्या दुकानात दुसरे मिळतच नाहीत. ते आकारानं लहान, तपकिरी कडवे वाल, रायगडातले. मोठ्या शहरातल्या दुकानात पांढरट मोठे वाल किंवा पावटा याच नावानं मिळू शकतो. त्याला शिजायला निराळा वेळ लागतो आणि चवीत तो किंचित कडवटपणा नसतो, ज्याच्यासाठी गूळ आणि आमसूल घातलं जातं. कृतीच्या पहिल्याच ओळीत "कडवे वाल, लहान, तपकिरी" असं लिहून टाका. बोलणाऱ्या माणसाला जे आपोआप ठाऊक असतं, ते लेखी कृतीत आपल्यालाच घालावं लागतं.

तिनं गूळ-आमसुलं शेवटी घातली. क्रम थोडा बदलला तर चालेल का?

नाही. आमसुलाचा आंबटपणा कडधान्याला मऊ होऊ देत नाही, आणि गुळानंही शिजणं मंदावतं. सुरुवातीलाच घातलं, तर डाळिंब्या पंचवीस मिनिटांनीही दाताखाली कच्च्या लागतात. मग आपण पाणी वाढवत जातो आणि शेवटी बाहेरून गरगट, आतून टणक असं होतं. क्रमाचं कारण माहीत असेल, तर ते कृतीत एका वाक्यात लिहावं. नाहीतर वाचणारी भाची "सगळं एकदमच घालू" म्हणते.

ताटलीत पाणी ठेवण्यालाही कारण आहे. झाकणावरच्या पाण्यामुळे वाफ थंड होऊन परत खाली पडते आणि बिरडं करपत नाही. शिवाय मध्ये पाणी लागलं, तर तेच गरम पाणी आत घालता येतं. गार पाणी घातलं की उकळी मोडते आणि डाळिंब्या टणक राहतात, असं मावशी सांगते. रेकॉर्डिंगमध्ये तिनं कारण सांगितलं नव्हतं, मी नंतर फोनवर विचारलं तेव्हा सांगितलं.

मग शेवटी लिहिलेली कृती कशी दिसते?

प्रत्येक आकड्यामागे तो कुठून आला याची खूण केली. "ऐ" म्हणजे तिनं सांगितलेलं किंवा रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलेलं, "मो" म्हणजे तिच्या हातून मोजून घेतलेलं, "अं" म्हणजे माझा अंदाज. पुढे कुणाला शंका आली, तर कोणता आकडा बदलायचा ते यावरून कळतं.

*चार जणांसाठी*

कडवे वाल १७० ग्रॅम, एक शिगोशीग वाटी (मो). तेल ३५ मिलिलिटर, तिच्या पळीनं पावणेदोन पळ्या (मो). मोहरी अर्धा चहाचा चमचा (अं), हिंग दोन चिमटी (मो), हळद पाव चमचा (अं), तिखट एक चहाचा चमचा (मो). मीठ ७ ग्रॅम (मो), गूळ १२ ग्रॅम (मो), आमसुलं चार (ऐ). ओलं खोबरं मूठभर, ३० ग्रॅम (मो). कोथिंबीर आवडीनं.

वाल रात्रभर भिजवा (ऐ), निथळून फडक्यात बांधून एक ते दीड दिवस ठेवा (ऐ, थंडीसाठी अं). कोमट पाण्यात ठेवून सोला. तेल तापल्यावर मोहरी तडतडू द्या, मग हिंग, हळद, तिखट घालून लगेच, अर्ध्या मिनिटाच्या आत, डाळिंब्या घाला (ऐ). तिखट करपायला एवढाच वेळ पुरतो. हलक्या हातानं दोन मिनिटं परता (ऐ). एक वाटी गरम पाणी घाला, डाळिंब्या बुडतील न बुडतील इतकंच (मो). ताटलीत पाणी ठेवून मध्यम आचेवर ११ ते १४ मिनिटं शिजवा (ऐ). सात मिनिटांनी एकदा उघडून पाहा, पाणी आटलं असेल तर ताटलीतलं गरम पाणी अर्धी वाटीपर्यंत घाला (अं). बोटचेपी झाल्यावर मीठ, गूळ, आमसुलं घालून पाच मिनिटं उकळा (ऐ). अंगाबरोबर रस राहिला की गॅस बंद करा. वरून खोबरं, कोथिंबीर.

पहिल्यांदा करून पाहिलं आणि चव तिच्यासारखी आली नाही. काय बदलायचं?

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी "अं" लिहिलेले आकडे तपासा, मोजून घेतलेले शेवटी. बेचव वाटलं तर मीठ आधी पाहा. मीठ कमी पडलं की गूळही लागत नाही आणि आंबटही उठत नाही, आणि माणूस विनाकारण मसाला वाढवतो. आमसुलं जुनी, काळपट असतील तर चारच्या जागी पाच-सहा लागतात. खोबरं शहरात आणून ठेवलेलं असेल, तर त्याची गोडी उतरलेली असते. जमलं तर मावशीलाच खाऊ घाला आणि "बरं झालंय का?" न विचारता "काय कमी आहे?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ती प्रेमानं हो म्हणेल.

रेकॉर्डिंगमध्ये घरच्या गोष्टीही आहेत. ते सगळ्यांना पाठवू का?

कृती पाठवा. रेकॉर्डिंग पाठवण्याआधी तिला विचारा. ओट्यापाशी ती नात्यातल्या माणसांबद्दल मोकळेपणानं बोललेली असते आणि कुटुंबाच्या ग्रुपवर तीच माणसं असतात.

आठ माणसांसाठी सगळं दुप्पट करायचं का?

वाल, मीठ, गूळ, आमसुलं, खोबरं दुप्पट. तेल दीडपट पुरतं, कारण फोडणी कढईच्या बुडाला लागते आणि बूड काही दुप्पट होत नाही. पाणी दुप्पटीपेक्षा थोडं कमी, दीड ते पावणेदोन वाट्या, कारण झाकलेल्या मोठ्या भांड्यातून त्या मानानं कमी वाफ जाते. शिजायची वेळ दुप्पट होत नाही. उकळी यायला उशीर लागतो, पण उकळी आल्यानंतरचा वेळ तोच राहतो, फार तर दोन-तीन मिनिटं जास्त. भांडं रुंद घ्या. खोल पातेल्यात खालच्या डाळिंब्या वरच्यांच्या भारानं मोडतात, आणि ढवळावं तर आणखी मोडतात. म्हणून मोठ्या प्रमाणात करताना मावशी ढवळत नाही, कढई दोन्ही हातांनी धरून हलवते.